‘लिस्टेड’ गिऱ्हाईक आणि नव्वद दिवसांची उधारी

स. न. वि. वि.

भांडुपला माझा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा गाळा आहे. दोन नव्या कंपन्या माझा माल घ्यायला तयार आहेत, पण यंत्र एकच असल्यामुळे मला एकीलाच होकार देता येईल. दोघींनाही 90 दिवसांची उधारी हवी आहे आणि त्यात माझे साधारण 40 लाख रुपये अडकून राहतील. दोन्ही कंपन्या लिस्टेड आहेत. पहिली 1994 पासून मुंबई शेअर बाजाराच्या मुख्य बोर्डावर आहे, तर दुसरी 2023 मध्ये एनएसईच्या एसएमई मंचावर आली. पुतण्या म्हणतो, “काका, मेन बोर्डवाली मोठी, एसएमईवाली लहान, एवढं तर नावावरूनच कळतं.” दोघींचे वार्षिक अहवाल सोबत पाठवले आहेत. पुतण्याचे बरोबर आहे का?
— एक कारखानदार, भांडुप

आपण अहवाल पाठवलेत हे फार बरे झाले. नुसते पत्र आले असते, तर मलाही बाजाराच्या नियमांपलीकडे काही सांगता आले नसते. पुतण्याने काढलेला निष्कर्ष या दोन कंपन्यांच्या बाबतीत नेमका उलटा आहे, कारण आपल्याकडे मुख्य बोर्ड आणि एसएमई मंच यांच्यामधली रेघ उलाढालीवर ओढलेलीच नाही.

ही रेघ वसूल भांडवलावर, म्हणजे ज्याला आपण पेड-अप कॅपिटल म्हणतो त्यावर ओढलेली आहे, आणि तेही समभागाच्या दर्शनी मूल्याने मोजलेल्या भांडवलावर. सेबीच्या नियमांप्रमाणे समभागविक्रीनंतर ज्या कंपनीचे वसूल भांडवल 25 कोटी रुपयांपर्यंत राहते तिला एसएमई मंचावर येता येते. 25 कोटींच्या वर जाणाऱ्या कंपनीला तेथे प्रवेश नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर मुख्य बोर्डावर येण्यासाठी किमान 10 कोटींचे वसूल भांडवल लागते. याचा अर्थ, 10 ते 25 कोटींच्या पट्ट्यातील कंपनीला, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, दोन्ही दारे उघडी असतात. आपल्या पहिल्या कंपनीचे वसूल भांडवल 16 कोटी आहे आणि दुसरीचे 18 कोटी. ज्या एका मापाने बाजार कंपन्यांची वाटणी करतो, त्या मापाने या दोघी एकाच बाकावर बसतात, आणि झालाच तर थोडी मोठी आहे ती एसएमईवालीच.

वसूल भांडवल हे माप धंद्याच्या आकाराबद्दल इतके मुके का असते, ते आपल्या दुसऱ्या कंपनीच्या समभागविक्रीवरून स्पष्ट होते. अहवालानुसार तिने 2023 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचे 48 लाख नवे समभाग प्रत्येकी 125 रुपयांना विकले आणि 60 कोटी रुपये उभे केले. त्यांपैकी भांडवलाच्या खात्यात जमा झाले फक्त 4 कोटी 80 लाख. उरलेले 55 कोटी 20 लाख रुपये अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, म्हणून राखीव निधीत गेले, आणि राखीव निधी या रेघेच्या हिशेबात धरलाच जात नाही. समभागाचा भाव जितका चढा, तितका जास्त पैसा कंपनीत येतो आणि भांडवलाचा आकडा मात्र जागच्या जागी राहतो.

हा आकडा प्रवर्तकांच्या हातात बराच असतो, हेही लक्षात घ्यावे. समजा, एखाद्या कंपनीचे वसूल भांडवल 6 कोटी आहे आणि तिने एका समभागावर दोन बोनस समभाग दिले. राखीव निधीतले 12 कोटी भांडवलाच्या ओळीत सरकतात आणि भांडवल 18 कोटी होते. तिजोरीत एक रुपयाही वाढलेला नसतो, एकही खोका जास्त विकलेला नसतो, तरी काल जिच्यासाठी मुख्य बोर्डाचे दार बंद होते ती आज भांडवलाच्या अटीपुरती तेथे पात्र ठरते. बाजारात येण्यापूर्वीच्या वर्षात बोनस देण्याची प्रथा इतकी रुळलेली आहे की, माहितीपत्रकात भांडवलाचा इतिहास वाचताना मी ती नोंद आधी शोधतो. (दर्शनी मूल्य 10 चे 2 केले, तर मात्र समभागांची संख्या पाचपट होते आणि भांडवल तेवढेच राहते. पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.)

मग मुख्य बोर्डाला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण तो प्रवेशाच्या दिवसापुरता. आज एखादी कंपनी नफ्याच्या मार्गाने मुख्य बोर्डावर येऊ पाहत असेल, तर आधीच्या तीन वर्षांत तिचा सरासरी कार्यकारी नफा 15 कोटी रुपये असावा लागतो आणि तिन्ही वर्षे नफ्याची असावी लागतात. ही अट जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण त्यात विक्रीचा किमान 75 टक्के हिस्सा मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांनी उचलावा लागतो. एसएमई मंचावर 2025 पासून तीनपैकी दोन वर्षांत 1 कोटीचा कार्यकारी नफा मागितला जातो. एका बाजूला 15 कोटी आणि दुसऱ्या बाजूला 1 कोटी, हा फरक लहान नाही. त्यामुळे कालपरवा मुख्य बोर्डावर आलेल्या कंपनीविषयी पुतण्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरेल.

आपली पहिली कंपनी मात्र 1994 ची आहे. त्या वेळी आजच्या या अटी नव्हत्या आणि एसएमई मंचही नव्हता. मुंबई शेअर बाजाराने आणि एनएसईने आपापले एसएमई मंच सुरू केले ते 2012 मध्ये. त्याआधी लहान कंपनी बाजारात आली की सरळ मुख्य यादीतच बसत असे. पुढे तिचा धंदा आटला म्हणून कोणी तिला सक्तीने एसएमई मंचावर उतरवत नाही. त्यामुळे मुख्य बोर्डावर, विशेषतः मुंबई शेअर बाजाराच्या यादीत, अशा जुन्या आणि आता बारीक झालेल्या कंपन्या बऱ्याच आहेत. आपली पहिली कंपनी त्यांतलीच एक: 1 कोटी 60 लाख समभाग, भाव 22 रुपयांच्या आसपास, म्हणजे सगळ्या कंपनीचे बाजारमूल्य जेमतेम 35 कोटी, आणि वर्षाची उलाढाल 41 कोटी.

दुसरीची उलाढाल आहे 290 कोटी. तिचे 1 कोटी 80 लाख समभाग 310 रुपयांच्या भावाने धरले, तर बाजारमूल्य 558 कोटी होते. येथे थोडे थांबतो, कारण एसएमई मंचावरील कंपनीचे बाजारमूल्य हे आपल्यासारख्या पुरवठादाराने आधाराला घेण्याजोगे माप नाही. तेथे समभाग सुटे विकले जात नाहीत, ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याने, म्हणजे लॉटने विकले जातात. या कंपनीचा लॉट 1,000 समभागांचा आहे, म्हणून कमीत कमी सौदा 3 लाख 10 हजारांचा. घेणारे मोजके, विकणारे मोजके. कित्येक दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सौदे होतात. सौदे अगदीच थांबू नयेत म्हणून मार्केट मेकर नेमणे पहिली तीन वर्षे बंधनकारक असते, पण तो खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवतो, मूल्य ठरवत नाही. अशा बाजारात एखाद्या दुपारी भाव 5 टक्क्यांनी चढला, तर कागदावरचे बाजारमूल्य सुमारे 28 कोटींनी फुगते, आणि त्या फुगवट्याने आपले एकही बिल चुकते होत नाही.

आता मजेची गोष्ट पाहा. कायद्यातली ‘सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग’ ही व्याख्या वेगळीच आहे, आणि ती शेअर बाजाराशी नव्हे तर यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीशी आणि उलाढालीशी जोडलेली आहे. 1 एप्रिल 2025 पासून 100 कोटींपर्यंत उलाढाल आणि 25 कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग ‘लघु’ ठरतो. मध्यम उद्योगासाठी ही मर्यादा अनुक्रमे 500 कोटी आणि 125 कोटी आहे. या मापाने मुख्य बोर्डावर मिरवणारी आपली पहिली कंपनी लघुउद्योग ठरते आणि एसएमई मंचावरची दुसरी मध्यम. म्युच्युअल फंडवाले ज्यांना ‘स्मॉल कॅप’ म्हणतात ते आणखी तिसरेच; त्यांच्या हिशेबात बाजारमूल्याच्या क्रमवारीत 250 कंपन्यांनंतर येणाऱ्या सगळ्या कंपन्या स्मॉल कॅप असतात. ‘लहान’ हा शब्द तिन्ही ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी मोजपट्टी वेगळी आहे, म्हणून पुतण्याला फार दोष देऊ नये.

उधारी देताना आपल्याला खरे तर दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: आपले बिल त्या कंपनीच्या एकूण खरेदीत केवढे आहे, आणि ती इतरांचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी देते. दोन्हींची उत्तरे वार्षिक अहवालात आहेत. 90 दिवसांत 40 लाख म्हणजे वर्षाला साधारण 1 कोटी 60 लाखांचा माल. पहिल्या कंपनीची वर्षाची मालखरेदी 27 कोटी आहे, त्यात आपला वाटा 6 टक्के होईल. दुसरीची खरेदी 215 कोटी आहे, तिच्यात आपण एक टक्काही भरणार नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी ताळेबंदातील ‘ट्रेड पेएबल्स’, म्हणजे पुरवठादारांची देणी, हा आकडा घ्यावा, त्याला वर्षाच्या खरेदीने भागावे आणि 365 ने गुणावे. पहिल्या कंपनीची देणी 31 मार्चला 11 कोटी होती. 11 भागिले 27 गुणिले 365 म्हणजे सुमारे 149 दिवस. दुसरीची देणी 36 कोटी आणि खरेदी 215 कोटी, म्हणजे सुमारे 61 दिवस. देण्यांच्या आकड्यात जीएसटी मिसळलेला असतो आणि खरेदीच्या आकड्यात तो नसतो, त्यामुळे खरे दिवस याहून काहीसे कमी निघतात. सरसकट 18 टक्के जीएसटी धरून वजावट केली, तर 149 चे 126 होतात आणि 61 चे 52. वजावट केली तरी गोष्ट बदलत नाही. जी कंपनी आपल्याकडे 90 दिवस मागते आहे, ती आजच्या पुरवठादारांना सरासरी चार महिने थांबवते आहे.

यावर मला पूर्ण भरवसा ठेवायचा नव्हता, कारण एखाद्या वादातल्या मोठ्या बिलामुळेही सरासरी बिघडू शकते. म्हणून मी देण्यांची टीप उघडली. आर्थिक वर्ष 2021-22 पासून कंपन्यांना ही देणी वयाप्रमाणे तक्त्यात दाखवावी लागतात: एका वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची, आणि त्याहून जुनी; त्यातही सूक्ष्म-लघु उद्योगांची वेगळी, इतरांची वेगळी, आणि वादातली वेगळी. पहिल्या कंपनीच्या 11 कोटींपैकी 3 कोटी 20 लाख एका वर्षाहून जुने आहेत आणि वादाच्या रकान्यात शून्य आहे. म्हणजे भांडण नाही, मालात खोट नाही, केवळ पैसे दिलेले नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात वर्षाहून जुने 40 लाख आहेत, 36 कोटींपैकी.

एवढे वाचून आपण लगेच दुसरीला होकार कळवाल, म्हणून घाईने पुढचे लिहितो. दुसरी कंपनी आकाराने मोठी आहे, पण तिचा पैसा तिच्याच गिऱ्हाइकांकडे अडकत चालला आहे. आदल्या वर्षी 214 कोटींच्या विक्रीवर तिची येणी 51 कोटी होती, म्हणजे 87 दिवसांची. या वर्षी 290 कोटींच्या विक्रीवर येणी 98 कोटी आहेत, म्हणजे 123 दिवसांची. नफा दाखवला आहे 17 कोटींचा, पण रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून आलेला पैसा उणे 9 कोटी आहे. एसएमई मंचावर आलेल्या कंपनीची विक्री भराभर वाढत असेल, तर ही दोन पाने मी नफ्यातोट्याच्या पानाआधी पाहतो. विक्री वाढवायची तर उधारी सैल सोडणे हा सर्वांत सोपा उपाय असतो, आणि समभागविक्रीतून आलेले 60 कोटी त्या सैल उधारीला काही काळ पोसू शकतात. ते संपले की पुरवठादारांची देणी ताणली जाऊ लागतात.

आणि येथेच दोन मंचांमधला फरक आपल्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचा ठरतो. मुख्य बोर्डावरील कंपनी दर तिमाहीचे निकाल देते, एसएमई मंचावरील कंपनी सहामाही निकाल देते. सप्टेंबरअखेरचे निकाल 45 दिवसांत आणि मार्चअखेरचे लेखापरीक्षित निकाल 60 दिवसांत. समजा, ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचे एखादे मोठे गिऱ्हाईक बुडाले, तर त्याचा परिणाम आकड्यांत आपल्याला दिसेल तो मे महिन्यात. तोवर आपली दोन उधारीची चक्रे फिरून गेलेली असतील. शिवाय समभागविक्रीपूर्वी एसएमई कंपनीच्या मसुद्याची छाननी शेअर बाजार स्वतः करतो. मुख्य बोर्डासाठी तो मसुदा सेबीकडे जातो आणि तिच्या शेऱ्यांनंतरच पुढे सरकतो. सूचिबद्धतेनंतरही संचालक मंडळाच्या रचनेचे आणि समित्यांचे बरेचसे नियम एसएमई मंचावरील कंपनीला शिथिल असतात. तेव्हा मंचाचे नाव कंपनी केवढी आहे हे नीट सांगत नाही, पण तिच्यावर किती जणांची आणि किती वेळा नजर पडते हे मात्र बऱ्यापैकी सांगते.

माझे मत विचाराल तर पहिल्या कंपनीला उधारी देऊ नये. माल हवा असेल तर आगाऊ पैसे किंवा माल उतरताच पैसे, एवढ्यावरच बोलावे. दुसरीचे काम घ्यावे, पण 90 दिवसांवर नव्हे. आपण खोके स्वतः बनवता, त्यामुळे उद्यम नोंदणी असेल आणि आपली उलाढाल लघुउद्योगाच्या मर्यादेत असेल, तर कायद्याने लेखी करारातही 45 दिवसांहून जास्त मुदत ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्याखेरीज, त्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाईक कंपनीला ती खरेदी आयकरात खर्च म्हणून प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की खरेदी खात्याला या दुसऱ्या गोष्टीची आठवण करून दिलेली चालते. नोंदणी नसेल तर ती करार करण्यापूर्वी करून घ्यावी आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा.

दुसऱ्या कंपनीच्या उलाढालीचा आपल्याला आणखी एक उपयोग आहे. 250 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत ट्रेड्स या बिलवटाव मंचावर नोंदणी करणे सरकारने बंधनकारक केले. 290 कोटींची ही कंपनी त्यात येते. 41 कोटींची पहिली येत नाही. म्हणून खरेदी अधिकाऱ्याला सरळ विचारावे की, आपण ट्रेड्सच्या कोणत्या मंचावर आहात आणि माझी बिले तेथे स्वीकाराल का. कंपनीने बिल तेथे स्वीकारले की बँका त्यावर बोली लावतात, व्याज कापून पैसे आपल्या खात्यात येतात, आणि पुढे कंपनीने ते बुडवले तरी बँक आपल्या मागे येत नाही. मात्र नुसती नोंदणी असून भागत नाही, कंपनीने आपले बिल प्रत्यक्ष स्वीकारावे लागते. पुष्कळ ठिकाणी नोंदणी होऊन पडलेली असते आणि बिल कोणी हातात घेत नाही. या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर सुरुवातीची उधारी 12 ते 15 लाखांवर रोखावी आणि पहिली तीन बिले वेळेत आल्याखेरीज ती वाढवू नये.

शेवटी पुतण्यासाठी एक काम. कंपनीच्या लेटरहेडवरचा सीआयएन क्रमांक L अक्षराने सुरू झाला, तर ती लिस्टेड आहे एवढेच कळते. ते अक्षर दोन्ही मंचांना सारखेच आहे. कोणता मंच हे पाहायचे तर एनएसईच्या संकेतस्थळावर समभागाच्या नावापुढील मालिका पाहावी, `SM` किंवा `ST` असेल तर एसएमई. मुंबई शेअर बाजारात एसएमई समभागांचा गट `M` असतो. ते पाहून झाले की त्याच पानावरून नोव्हेंबरमधला सहामाही निकाल उतरवून घ्यायला त्याला सांगा आणि त्यात येण्यांचा आकडा 98 कोटींच्या वर गेला आहे की खाली आला आहे, ते मला कळवा. वर गेला असेल, तर 15 लाखांची मर्यादा मी आणखी खाली आणायला सांगेन.